शिष्यवृत्तीच्या पानाचं शीर्षक: पात्रता, शेवटची तारीख, रक्कम, आणि दर वर्षीची डागडुजी

रामबागची_मैना

नमस्कार मंडळी. इंदूरच्या मराठी मुलांसाठी शिष्यवृत्त्यांची माहिती आम्ही चारपाच जण एका ठिकाणी ठेवतो. एकेका योजनेचं एकेक पान. मजकूर बरा आहे, पण शीर्षकं ज्याला जशी सुचली तशी पडली आहेत. कुठे "संपूर्ण माहिती", कुठे "लवकर करा", कुठे नुसतं योजनेचं नाव. ठरवलंय की शीर्षक वाचूनच तीन गोष्टी कळाव्यात: कोणाला, किती आणि कधीपर्यंत.

नमुन्यासाठी एकच पान घेऊ, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. एनएमएमएसचं, म्हणजे आठवीत परीक्षा घेऊन निवडलेल्या मुलांना नववीपासून मिळणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीचं. सध्याचं शीर्षक जसंच्या तसं देते:

"एनएमएमएस स्कॉलरशिप २०२३: ४८,००० रुपये मिळवा, शेवटची तारीख जवळ"

मनमोकळेपणे फाडा. दोन प्रश्न विशेष आहेत. तारीख उलटली की शीर्षकाचं काय करायचं? आणि दर वर्षी नवं पान करायचं की जुनंच पुढे चालवायचं?

---

चोखंदळ

मैनाताई, या शीर्षकात योजनेचं नाव तेवढं बरोबर आहे. एकेक घेतो.

आधी ४८,०००. शिष्यवृत्ती वर्षाला १२,००० आहे आणि ती नववी ते बारावी अशी चार वर्षं मिळू शकते, म्हणून कोणीतरी गुणाकार केला. पण चारही वर्षं मिळेलच असं नाही. आठवीलाही ५५ टक्के लागतात, दहावीला ६० टक्के लागतात (एससी, एसटीला दोन्हीकडे ५ ची सूट), मध्ये नापास झालं तर थांबते आणि दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. तो राहिला की त्या वर्षीचे पैसे गेले. ४८,००० वाचून आलेले पालक पहिल्या वर्षी खात्यात १२,००० पाहून "बाकीचे कुठे अडकले" म्हणून शाळेत जातात. काही ठिकाणी "दरमहा १,०००" लिहिलेलं दिसतं. हिशोब तोच, पण पैसे महिन्याला येत नाहीत. म्हणून "वर्षाला १२,०००", एवढंच.

मग २०२३. हे कशाचं साल आहे? या योजनेत तीन सालं एकमेकांत गुंततात. २०२६-२७ मध्ये आठवीत असलेलं मूल निवड परीक्षेचा फॉर्म त्याच सत्रात भरतं, परीक्षाही त्याच सत्रात देतं, पण पैसे नववीत गेल्यावर, म्हणजे २०२७-२८ पासून सुरू होतात. नुसतं "२०२७" लिहिलं तर आठवीच्या पालकाला वाटतं परीक्षेचं, नववीच्या पालकाला वाटतं पैशांचं. सत्र पूर्ण लिहा आणि ते कशाचं सत्र हेही लिहा.

तिसरी गोष्ट शेवटची तारीख. "जवळ" ही तारीख नव्हे, हे तर झालंच. पण इथे मुळात दोन शेवटच्या तारखा आहेत. एक, आठवीत असताना परीक्षेच्या फॉर्मची. ती राज्य ठरवतं. आपल्याकडे राज्य शिक्षा केंद्र. दुसरी, निवड झाल्यावर नववीत गेलेल्या मुलाने `scholarships.gov.in` वर अर्ज भरण्याची. ती केंद्राच्या पोर्टलची. पहिली चुकली तर संधीच गेली. दुसरी चुकली तर परीक्षा पास होऊनही पैसे नाहीत, आणि घोटाळा बहुतेक इथेच होतो, कारण निकाल लागला की घरच्यांना वाटतं काम झालं.

आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे कोणाला, ते शीर्षकात नाहीच. ही योजना सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठी आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेचं मूल कितीही गरीब आणि हुशार असो, बसत नाही. केंद्रीय विद्यालय आणि नवोदयचंही नाही. इंदुरात अर्ध्याअधिक पालकांचा प्रश्न या एका शब्दाने सुटतो.

माझा मसुदा. तारीख निव्वळ नमुन्याची आहे, कोणी यावरून फॉर्म भरायला बसू नका:

"आठवी, सरकारी/अनुदानित शाळा: वर्षाला १२,००० रु. | एनएमएमएस परीक्षा फॉर्म ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत"

सातवीतले ५५ टक्के (एससी, एसटीला ५० टक्के) आणि साडेतीन लाखांची उत्पन्नमर्यादा पहिल्या ओळीत घ्या. शीर्षकात वर्ग आणि शाळेचा प्रकार पुरे. या दोन चाळण्यांनीच बहुतेक नको ते लोक बाहेर पडतात.

---

पोहे_जिलेबी

चोखंदळराव, मसुदा झकास, पण लांब झाला. गूगल ६० अक्षरांनंतर कापतं, त्यामुळे तुमची तारीख दिसणारच नाही. तारीख पुढे घ्या नाहीतर शाळेचा प्रकार उडवा.

आणि सालासाठी इतका जीव कशाला काढायचा? आपली साइट वर्डप्रेसवर आहे, शीर्षकं सांभाळणारं योस्ट प्लगिन आहेच. शीर्षकाच्या खान्यात हे टाका:

```
एनएमएमएस शिष्यवृत्ती %%currentyear%%
```

साल आपोआप बदलतं. एकदा केलं की जन्मभर बघायला नको. मैनाताई पोहे खायला मोकळ्या.

---

लोकमान्यनगरकर

भाऊ, पोहे जरा थांबवा.

६० चा आकडा इंग्रजी शीर्षकांवरून आलेला अंदाज आहे. गूगल अक्षरं मोजून कापत नाही, पडद्यावर जेवढी रुंदी आहे तेवढं दाखवतं. देवनागरीत हा अंदाज आणखी फसतो. "शिष्यवृत्ती" हा शब्द अक्षर मोजणाऱ्या साधनात टाकलात तर ११ येतात, कारण ते वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतं. डोळ्यांना दिसतात चार: शि, ष्य, वृ, त्ती. तेव्हा मोजू नका, मोबाइलवर शोधून डोळ्यांनी पाहा. तरीही तुमच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे. शेपूट कापली जाते, म्हणून कापलं तरी चालेल ते शेवटी हवं. चोखंदळांच्या मसुद्यात शेवटी तारीख आहे, आणि ती कापली तर नुकसान आहे.

आता `%%currentyear%%`. हे साल १ जानेवारीला बदलतं. शिष्यवृत्तीचं सत्र जानेवारीत बदलत नाही. म्हणजे १ जानेवारी २०२७ ला तुमचं शीर्षक "२०२७" होईल आणि खाली मजकुरात सप्टेंबर २०२६ ची संपलेली तारीख तशीच राहील. वाचणाऱ्याला वाटेल, यंदाचं पान आहे, म्हणजे तारीखही यंदाची. जुनं साल दिसलं की माणूस निदान सावध होतो. हे खोटं नवं साल त्याला गाफील ठेवतं. मी म्हणेन, शीर्षकातलं साल हाताने बदला, आणि मजकूर तपासल्याशिवाय बदलू नका. साल बदलणं ही "आम्ही तपासलं" याची सही समजा.

त्याला जोडून एक. शीर्षकाच्या खान्यात जुनं साल आणि पानाच्या मोठ्या मथळ्यात नवं साल राहिलं, तर गूगल शीर्षक बाजूला ठेवून मथळा उचलून दाखवू शकतं. दोन्हीकडे वेगळं लिहिलेलं असेल तर लोकांना काय दिसेल हे तुमच्या हातात राहत नाही. बदलायच्या जागा चार आहेत: शीर्षक, मथळा, व्हॉट्सअॅपवर दिसणारं शीर्षक आणि मजकुराची पहिली ओळ. व्हॉट्सअॅपचं असं असतं:

```
<meta property="og:title" content="...">
```

योस्टमध्ये याला वेगळा "सोशल" खाना आहे. तो रिकामा ठेवला तर मुख्य शीर्षकच जातं. रिकामाच ठेवा, एक जागा कमी होते.

नवं पान की जुनं: जुनंच. पत्त्यात साल घालू नका. `/nmms-mp/` असा पत्ता ठेवला तर शाळेतल्या सरांनी दोन वर्षांपूर्वी गटात टाकलेला दुवाही यंदाची माहिती दाखवेल. पत्त्यात आधीच `2023` असेल आणि तो बदलायचा असेल तर सांभाळून. वर्डप्रेस "पोस्ट"चा पत्ता बदलल्यावर जुन्यावरून नव्यावर स्वतः पाठवतं, पण "पेज"साठी हे करत नाही. तिथे पुनर्निर्देशन हाताने लावावं लागेल, नाहीतर जुना दुवा उघडणाऱ्याला "पान सापडलं नाही" एवढंच दिसेल.

---

अश्विनी_सुदामानगर

माझी मुलगी आठवीत आहे, खाजगी शाळा, सीबीएसई. आमचं उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे. तिचा फॉर्म कुठे भरायचा? आणि मुलगा एमपी बोर्डातून बारावी झाला, ७८ टक्के, आता पुण्याला बीएस्सीला आहे. त्याच्यासाठी केंद्राची कॉलेजवाली स्कॉलरशिप आहे म्हणतात, पण तुमच्याच पानावर "८० टक्क्यांवरील विद्यार्थ्यांसाठी" असं लिहिलंय. म्हणजे दोन टक्क्यांनी गेली ना?

---

चोखंदळ

अश्विनीताई, हा धागा फॉर्मचा नाही, पण तुम्ही आमच्या दुसऱ्या पानाची चूक दाखवून दिलीत, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

मुलीचं उत्तर सरळ आहे. शाळा खाजगी आणि विनाअनुदानित असेल तर एनएमएमएस नाही. उत्पन्न बसतं, शाळा बसत नाही. फक्त शाळेला अनुदान आहे का ते एकदा विचारून घ्या. खाजगी संस्थेची पण अनुदानित, अशा शाळा असतात आणि त्या चालतात.

मुलाचं मात्र गेलेलं नाही. तो नियम "८० टक्के" असा नाहीच. नियमात ८० पर्सेंटाइल आहे. म्हणजे त्या बोर्डातून त्या शाखेत पास झालेल्यांना गुणांप्रमाणे रांगेत उभं केलं, तर वरच्या २० टक्के मुलांत तुमचा मुलगा हवा. ही रेषा कोणत्या गुणांवर पडते ते बोर्डावर आणि शाखेवर अवलंबून असतं. एखाद्या बोर्डात कला शाखेची रेषा ७० च्या आसपास पडू शकते आणि दुसऱ्या बोर्डात विज्ञानाची ८५ च्या वर. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. त्याने पाहायची ती एमपी बोर्डाची, विज्ञान शाखेची, त्याच्या वर्षाची रेषा. पुण्यात शिकतो म्हणून महाराष्ट्र बोर्डाची रेषा लावायची नाही. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, कोर्स नियमित हवा, आणि दुसरी शिष्यवृत्ती घेत असेल तर ही मिळत नाही.

रेषेच्या वर असणं म्हणजे मिळणं नव्हे, तेही सांगून ठेवतो. देशभरात दर वर्षी नव्या ८२,००० जणांनाच मिळते आणि त्या जागा बोर्डांमध्ये वाटलेल्या असतात.

मैनाताई, शीर्षकातली ही चूक तारखेच्या चुकीपेक्षा वाईट आहे. चुकलेली तारीख पुढच्या वर्षी लक्षात येते. "८० टक्के" वाचून ७८ वाला माणूस पान उघडतही नाही, त्यामुळे तो तक्रारही करत नाही. आणि ८२ वाला, ज्याच्या बोर्डाची रेषा ८५ वर आहे, तो अर्ज भरून वाट बघत बसतो. "८० पर्सेंटाइल" लिहूनही भागत नाही, कारण निम्मे लोक ते टक्केच वाचतात. मी असं लिहीन:

"बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत असाल तर पदवीला वर्षाला १२,००० रु. | केंद्राची कॉलेज शिष्यवृत्ती २०२६-२७"

आधी हे १०,००० होतं, २०२२-२३ पासून १२,००० झालं. पदव्युत्तरला २०,००० आहे, पण ते मजकुरात. शीर्षकात दोन रकमा आल्या की लोक मोठी रक्कम लक्षात ठेवतात.

---

ग्वाल्हेरी

सगळे एका गोष्टीभोवती फिरताय, पण ती कोणी बोलत नाही. राज्य!

"एनएमएमएस शिष्यवृत्ती" असं मराठीत शोधून पाहा. जे काही येतं ते महाराष्ट्राचं येतं. योजना केंद्राची, रक्कम तीच, उत्पन्नमर्यादा तीच, त्यामुळे पान वाचताना काहीच खटकत नाही. पण तिथे परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते आणि फॉर्मची तारीख तिची असते. आपल्या मुलाला ती तारीख काही कामाची नाही. ग्वाल्हेर-इंदूरच्या मराठी घरात हा घोळ खास आहे, कारण मुलाच्या शाळेतली सूचना हिंदीत येते आणि आई-आजी मोबाइलवर मराठीत शोधतात. दोन तारखा दिसतात, आणि मराठीतली आपली वाटते.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेचं तर विचारूच नका. ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. मराठी असणं आणि महाराष्ट्राचा रहिवासी असणं यात फरक आहे, हे पोर्टलला पक्कं कळतं, आपल्याला उशिरा कळतं.

तेव्हा शीर्षकात "मध्य प्रदेश" हवंच हवं, आणि तेही पुढे. तारीख कापली गेली तरी राज्य कापलं जाऊ नये.

दुसरं, शीर्षक हिंदीत का नाही? पोरं "छात्रवृत्ति" लिहून शोधतात. "शिष्यवृत्ती" फक्त पालक लिहितात.

---

रामबागची_मैना

राज्याचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. आत्ता आमचंच पान तपासलं. फॉर्मच्या तारखेखाली जो दुवा दिलाय तो पुण्याच्या परिषदेचा आहे. म्हणजे मजकूर बहुधा तिकडूनच उचललेला. आजच काढते.

हिंदीबद्दल आमच्यात आधीच दोन तट आहेत. पान मराठी आणि शीर्षक हिंदी हे मला पटत नाही.

---

पोहे_जिलेबी

दोन्ही घाला की. "छात्रवृत्ति / शिष्यवृत्ती".

---

लोकमान्यनगरकर

घातलं तर जागा जाते, आणि आत्ताच राज्याला जागा करून द्यायची आहे. "एनएमएमएस" हा शब्द दोन्ही भाषांत तोच आहे, शोधणारा तोच लिहितो. हिंदी शब्द पहिल्या परिच्छेदात सहज येऊ द्या. पण ग्वाल्हेरींचं म्हणणं मी खोडत नाही. मुलांसाठी वेगळं हिंदी पान लागेल, आणि ते कोण सांभाळणार हा प्रश्न शीर्षकाहून मोठा आहे.

तारखेबद्दल माझी एक शंका आहे, चोखंदळांनी सांगावं. मुदत वाढते तेव्हा काय? शीर्षक बदललं तरी गूगलमध्ये नवं दिसायला कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे लागतात. गूगलच्याच सर्च कन्सोल या साधनात पानाचा पत्ता टाकून पुन्हा तपासायची विनंती करता येते, पण तीही हमी नाही. तेवढ्या काळात लोकांना जुनी, उलटून गेलेली तारीख दिसते. मुदत खरं तर उघडी असते आणि मूल "गेली" म्हणून सोडून देतं. व्हॉट्सअॅपवर तर आणखी वाईट. दुवा पाठवला त्या क्षणी जे शीर्षक होतं ते त्या संदेशात चिकटतं. पुढे ढकलत राहिलात तरी तेच राहतं.

मला वाटतं शीर्षकात फक्त महिना द्यावा आणि नेमकी तारीख पहिल्या ओळीत.

---

चोखंदळ

महिन्याला माझा विरोध आहे. "सप्टेंबर" लिहिलं की लोक ३० धरतात, आणि मुदत १५ ला संपत असेल तर? उलटलेली तारीख पाहून सोडणारा एक, तर महिना पाहून निवांत बसणारे चार. तारीख पूर्ण हवी, सालासकट. व्हॉट्सअॅपवर चिकटून राहणार असेल तर साल आणखीच हवं, म्हणजे पुढच्या वर्षी तोच संदेश फिरला तरी जुना आहे हे दिसेल. "आज शेवटचा दिवस", "फक्त ३ दिवस" असलं काही मात्र शीर्षकात कधीच नको. तो संदेश वर्षभर फिरतो आणि रोज "आज" असतो.

मुदतवाढ झाली तर तसं लिहा: "मुदत वाढली: १५ ऑक्टोबर २०२६". आधीची तारीख मनात असलेल्या माणसाला तो शब्द थांबवतो. नुसता आकडा बदलला तर त्याला वाटतं आपणच चुकीचं वाचलं. आणि वाढ होईल अशी आशा शीर्षकात किंवा मजकुरात देऊ नका. वाढते बऱ्याचदा, पण त्या भरवशावर राहिलेल्या मुलाला आपण काय उत्तर देणार?

पोर्टलवरच्या तारखा पाहताना आणखी एक काळजी घ्या. तिथे एका योजनेपुढे विद्यार्थ्याच्या अर्जाची तारीख असते आणि शाळेने अर्ज पडताळण्याची वेगळी, बहुधा नंतरची. घाईत ती दुसरी उचलली की आपल्या पानावर मुदत परस्पर वाढते! पोर्टल उघडं दिसतं, पडताळणी चालू असते, मुलाचा अर्ज मात्र घेत नाही. शीर्षकात नेहमी विद्यार्थ्याची तारीख. पडताळणीची तारीख मजकुरात द्या, कारण अर्ज भरून शाळेत न विचारणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि शाळेने पुढे पाठवला नाही तर तो जिल्ह्यापर्यंत पोचतच नाही.

---

लोकमान्यनगरकर

"मुदत वाढली" मान्य. महिन्याचं मी पूर्ण सोडलेलं नाही, पण तुमचा १५ तारखेचा मुद्दा वजनदार आहे.

मुदत संपल्यावर काय, हा मैनाताईंचा प्रश्न राहिला. माझ्या मते दुसऱ्या दिवशी तारीख काढून "२०२६-२७ ची मुदत संपली" लिहावं. पान काढायचं नाही, आणि पुढच्या सत्राचं सालही आधीच टाकायचं नाही.

---

ग्वाल्हेरी

"मुदत संपली" वाचून कोण उघडेल? आणि सातवीतल्या मुलाच्या आईने उघडायलाच हवं, तिला ५५ टक्क्यांचं आत्ताच कळायला हवं. परीक्षा आठवीत, पण गुण सातवीचे धरतात. आठवीत कळून काय उपयोग?

---

चोखंदळ

हे मात्र अगदी बरोबर. मग दोन टप्पे करा. मुदत संपल्यापासून महिनाभर "२०२६-२७ ची मुदत संपली", म्हणजे उशिरा आलेल्याला स्पष्ट कळेल. त्यानंतर नवी तारीख येईपर्यंत तारखेच्या जागी "पुढील फॉर्मची तारीख जाहीर व्हायची आहे" आणि पुढे पात्रता मोठी, सातवीच्या गुणांसकट. गेल्या वर्षीच्या तारखेवरून यंदाची अंदाजाने टाकू नका. गेल्या वर्षीची द्यायचीच असेल तर मजकुरात, "गेल्या वर्षी अमुक होती" अशी.

आणि दर वर्षी फक्त तारीख तपासून भागत नाही, रक्कम आणि मर्यादाही तपासा. एनएमएमएसची रक्कम २०१७ पर्यंत वर्षाला ६,००० होती, उत्पन्नमर्यादा आधी दीड लाख होती. आजही असली पानं सापडतात ज्यांच्या शीर्षकात नवं साल आहे आणि आत ६,००० आणि दीड लाख. दुसऱ्या कोणाचं पान भरवशाचं आहे का, हे ओळखायला हे दोन आकडे पुरेत.

---

अश्विनी_सुदामानगर

मुलाला सांगितलं. पण तो आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी आम्ही ८० टक्के वाचून भरलंच नाही. आता चालेल?

---

चोखंदळ

नवा अर्ज बारावीनंतरच्या पहिल्या वर्षासाठी धरतात, ताई. दुसऱ्या वर्षी जे भरतात ते नूतनीकरण, आणि तेही पहिल्या वर्षी मंजूर झालं असेल तर. बीएस्सीनंतर एमएस्सीलाही याच नूतनीकरणातून पुढे मिळते, नव्याने शिरता येत नाही. तेव्हा या योजनेचं कठीण आहे. कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात संस्थेच्या स्वतःच्या योजना आहेत का ते विचारायला सांगा.

मैनाताई, यावरून "पदवीच्या पहिल्या वर्षाला" हे शब्द त्या शीर्षकात हवेत. माझ्या मसुद्यात नव्हते, चूक माझी.

---

लोकमान्यनगरकर

मग नूतनीकरणवाल्यांचं काय? त्यांनाही दर वर्षी भरायचं असतं, ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी दाखवून. शीर्षकात "पहिलं वर्ष" वाचून दुसऱ्या वर्षाचा मुलगा समजेल की हे माझ्यासाठी नाही.

---

चोखंदळ

वेगळं पान. "नूतनीकरण" हा शब्द शीर्षकात सर्वांत आधी.

---

पोहे_जिलेबी

एकवीस योजनांची बेचाळीस पानं होतील. मग मैनाताईंना पोहेच काय, पाणीही मिळणार नाही. एकाच पानावर दोन भाग करा.

---

रामबागची_मैना

हे आत्ता ठरणार नाही असं दिसतंय. जिथे नूतनीकरणाची तारीख वेगळी असते तेवढ्याच योजनांना वेगळं पान द्यावं, असं सध्या मनात आहे. बघू.

एनएमएमएसचं शीर्षक असं बदललं आहे. यंदाची तारीख अजून आलेली नाही, म्हणून:

"मध्य प्रदेश एनएमएमएस: आठवी, सरकारी/अनुदानित शाळा, वर्षाला १२,००० रु. | परीक्षा फॉर्म २०२६-२७: तारीख जाहीर व्हायची आहे"

मोबाइलवर "परीक्षा फॉर्म"च्या आसपास कापलं जातंय. राज्य, वर्ग, शाळा, रक्कम दिसते. तारीख आली की ती रकमेच्या आधी घेऊन पाहते. नववीत पोर्टलवर भरायच्या अर्जाची तारीख पहिल्या ओळीत वेगळी देतेय.

एका वहीतही लिहायला सुरुवात केली आहे: योजना, सत्र, विद्यार्थ्याची तारीख, वाढीव तारीख, कुठे पाहिली, कोणी आणि कोणत्या दिवशी पाहिली. शेवटचा रकाना चोखंदळांच्या "सही"साठी.

---

लोकमान्यनगरकर

सही माझी होती हो, त्यांची नाही. असो. पान उघडून पाहिलं, शीर्षक छान. पण वर जे रंगीत पोस्टर लावलंय त्यावर अजून "४८,००० रुपये, २०२३" छापलेलं आहे, आणि व्हॉट्सअॅपवर दुवा टाकला की शीर्षकाच्या वर तेच मोठं दिसतं. त्याची मूळ फाइल कोणाकडे आहे?

---

रामबागची_मैना

ज्यांनी केलं ते आता बंगळुरूला असतात. पोस्टर काढून टाकते. त्या जागी नुसतं मंडळाचं चिन्ह लावते, त्यावर निदान तारीख नाही.